मदत हवी आहे: आजेसासूबाईंना 'आपण' म्हणावे की 'तुम्ही', आणि त्या झोपाळ्यावर बसलेल्या असताना नमस्कार कसा करावा?

इंदूरची लेक

नमस्कार. माझे माहेर इंदूरचे असून माझे लग्न होऊन आठ महिने झाले आहेत. सासर गुहागर तालुक्यातले आहे आणि यंदा गणपतीला मी पहिल्यांदाच गावच्या घरी जाणार आहे. तेथे माझ्या यजमानांच्या आजी असतात. त्यांचे वय 86 आहे आणि मुले, नातवंडे, शेजारीपाजारी असे सगळेच त्यांना 'माई' म्हणतात.

आमच्याकडे इंदुरात घरी मराठी बोलत असलो तरी मोठ्यांना 'आपण' म्हणायची सवय आहे. लग्नाच्या पंगतीत मी आदराने त्यांना विचारले, "आजी, आपण आता जेवायचं ना?" त्या हसून "हो" म्हणाल्या आणि पानावर बसल्या. मी वाढायला निघून गेले. पाऊण तासाने परत येऊन पाहते तर त्यांच्या पानातला वरणभात तसाच होता, तुपाची साय धरली होती आणि शेजारचे पान त्यांनी कोणालाही बसू न देता रिकामे राखले होते. मी त्यांच्याबरोबर जेवणार आहे असे त्यांना वाटले होते. त्या एका शब्दानेही रागावल्या नाहीत, पण मला ते अजून लागून राहिले आहे.

यजमान त्यांना सरळ "ए माई, तू" असे म्हणतात. मी काय म्हणावे? 'माई' म्हणावे की 'आजी'? शिवाय त्या दिवसभर पडवीतल्या झोपाळ्यावर बसलेल्या असतात आणि सध्या त्यांच्या उजव्या पावलाला जखमेची पट्टी आहे, तेव्हा पाया पडताना नेमके काय करावे, हेही कृपया सांगावे.

दर्यावर्दी

ताई, आपण उगाच काळजी करत आहात. कोकणात आजीला सगळे 'तू'च म्हणतात. आमच्या मालवणाकडे तर नातू दारातूनच "गो आजये, बरी आसस मां?" असे विचारतो आणि आजीला त्यातच आनंद वाटतो. 'तुम्ही' म्हटले की परकेपणा येतो. यजमान म्हणतात तसेच आपणही म्हणावे.

आगरवाटेवर

दर्यावर्दी यांचे म्हणणे नातवापुरते अगदी खरे आहे, परंतु नातसुनेला ते लागू होत नाही, आणि धागाकर्तीची अडचण नेमकी तेथेच आहे. आई आणि आजी यांना पोटची मुले व नातवंडे 'तू' म्हणतात, कारण ते नाते जन्माचे असते. लग्नाने जोडलेल्या माणसाने मात्र 'तुम्ही'पासूनच सुरुवात करायची, अशी आमच्या दापोली-गुहागर भागातल्या बहुतेक घरांची रीत आहे. म्हणून एकाच चुलीपाशी मुलगा "ए आई, वाढ गं" म्हणतो आणि सून "अहो आई, वाढा" म्हणते, आणि दोघांचेही बरोबर असते. पुरुषांच्या बाबतीत आणखी एक गंमतीदार भेद दिसतो, तो असा की माईंना 'तू' म्हणणारा हाच नातू आजोबांना मात्र बहुधा 'तुम्ही' म्हणत असेल.

आता 'आपण'विषयी. हिंदीतला 'आप' रोजच्या बोलण्यातला आहे, पण मराठीतला आदरार्थी 'आपण' भाषणात, निमंत्रणपत्रिकेत किंवा अनोळखी मोठ्या माणसाशी बोलताना शोभतो. घरात ऐकू येणारा 'आपण' म्हणजे 'तुम्ही आणि मी मिळून', आणि हाच अर्थ घरच्या माणसाच्या मनात आधी उभा राहतो. त्यातून आपल्या वाक्यात 'जेवायचं' हे रूप होते, ज्यावरून जेवणारा एक की दोघे हे कळायला काहीच मार्ग नव्हता. "आजी, आपण जेवून घ्यावं" असे म्हटले असते तरी शंका राहिलीच असती. "आजी, तुम्ही जेवून घ्या, मी वाढून येते" असे म्हटले असते, तर ते पान रिकामे राखले गेले नसते. आपल्या माई चुकल्या नाहीत आणि आपल्या मनातही अनादर नव्हता. घरातल्या मराठीने तो शब्द आपल्या अर्थाने ऐकला, इतकेच झाले.

'तुम्ही' एकदा धरले की मागची सगळी रूपे त्याच्याबरोबर जावी लागतात, आणि इंदूरकडच्या माणसाची चूक बहुधा येथे होते. माईंना "तुम्ही कसे आहात?" असे विचारू नये, "कशा आहात?" असे विचारावे. "थकला असाल" असे न म्हणता "थकल्या असाल" असे म्हणावे. "अहो माई" बरोबर 'बसा' येते आणि "ए माई" बरोबर 'बस' येते. "ए माई, बसा" असे अर्धे इकडचे अर्धे तिकडचे झाले की ते लगेच कानाला टोचते. त्याहून सूक्ष्म गोष्ट म्हणजे माई समोर नसताना त्यांच्याविषयी बोलणे. यजमान "माई आली" म्हणतील, आपण "माई आल्या" म्हणावे. नवी सून स्वयंपाकघरात जावांशी बोलताना काय म्हणते ते ओटीवर बरोबर ऐकू जाते.

संबोधनाचे उत्तर सोपे आहे. कोकणातल्या घरांत कोणीतरी पहिल्यांदा जी हाक मारली ती पुढे सगळ्यांची होते, त्यामुळे एखाद्या घरात आजी सर्वांची 'वहिनी' असते, तर एखाद्या घरात 'काकी' असते. सुनेचे नाते नवऱ्याच्या बाजूने येते, तेव्हा नवरा ज्या नावाने हाक मारतो त्याच नावाने आपणही हाक मारावी. फक्त 'ए' सोडावा. म्हणून 'माई' आणि 'तुम्ही'.

पोस्टमास्तरांची मुलगी

माझ्या वडिलांनी शिकवल्याप्रमाणे सांगते. वडील माणसाला पत्र लिहिताना स्वतःच्या आईवडिलांना 'तीर्थरूप' आणि इतर वडीलधाऱ्यांना 'तीर्थस्वरूप' लिहावे, आणि पुढे 'शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष' असे लिहून मजकूर सुरू करावा. आजेसासूबाई असल्याने येथे 'तीर्थस्वरूप माई यांस' हा मायना योग्य ठरेल.

इंदूरची लेक

मनापासून आभार. मी पत्र लिहिणार नाही, प्रत्यक्ष भेटणार आहे, पण मायन्यातला हा फरक मला ठाऊक नव्हता. आगरवाटेवर, पाया पडण्याविषयीही कृपया सांगाल का?

आगरवाटेवर

हो, ते राहिलेच. प्रवासातून आल्यावर चपला काढून थेट पडवीत जाऊ नये. खळ्यात बादली आणि तांब्या ठेवलेला असेल, तेथे पाय धुवावेत, आधी देवघरात जाऊन देवाला नमस्कार करावा आणि मग घरात वयाने सर्वांत मोठे जे असेल त्यांच्यापासून सुरुवात करावी. आपल्या घरात त्या माईच. कोणी पदर डोक्यावरून घ्यायला सांगितले तर घ्यावा, नाही सांगितले तरी खांद्यावरचा पदर हाताने सावरून घ्यावा, कारण वाकताना तो पुढे पडून समोरच्याच्या पावलांवर येतो.

झोपाळा हलत असताना वाकू नये, हे मी अनुभवाने सांगत आहे. माझ्या धाकट्या जावेचे कपाळ एकदा फळीच्या कडेवर आपटले होते. जवळ जाऊन एका हाताने झोपाळ्याची कडी धरावी, "माई, नमस्कार करते" असे ऐकू जाईल इतक्या स्पष्टपणे म्हणावे आणि त्या स्वतः जमिनीला पाय टेकवून झोपाळा थांबवतील तोवर थांबावे. म्हातारी माणसे बसल्या जागी पाय वर घेऊन मांडी घालतात, त्यांना ते खाली सोडायला वेळ लागतो आणि आपण आधीच वाकलो तर त्यांची धांदल होते. पाय खाली आले की गुडघे टेकावेत. उजव्या पावलाला पट्टी असल्याने त्याला हात लावू नये. त्या पावलापुढच्या जमिनीला बोटे टेकवून ती कपाळाला लावावीत आणि डाव्या पावलाला हलका स्पर्श करावा. जखमेमुळे त्यांनी पाय मागे ओढला तर ओशाळू नये. उठण्याची घाई करू नये, कारण आशीर्वाद देताना त्या डोक्यावर हात ठेवतील आणि आपण उठलो तर तो हात अधांतरी राहतो. यजमान बरोबर असतील तर दोघांनी एकदमच, जोडीने, वाकावे. पहिल्या वर्षी माई स्वतःच "जोडीने करा" म्हणण्याची शक्यता आहे.

माडाखालची सावली

वरील सर्व योग्य आहे, त्यात माझ्या घरचे थोडे घालते. आडव्या झालेल्या माणसाला नमस्कार करत नाहीत, त्यामुळे माई दुपारी झोपाळ्यावर कलंडल्या असतील तर उठेपर्यंत थांबावे. सोयरसुतक असेल तर आमच्याकडे नमस्कार करतही नाहीत आणि घेतही नाहीत. आमच्या घरी सुतक असताना एका नव्या सुनेने वाकून नमस्कार केला, तेव्हा सासूबाई चटकन दोन पावले मागे सरल्या. बिचारीला तो नकार वाटला आणि ती रात्रभर रडली. कारण तिला कोणी सांगितलेच नव्हते. यंदा गौरीचा ओवसा असेल तर सूप देऊन एकामागून एक सर्व वडीलधाऱ्यांना नमस्कार करावा लागेल, तेव्हा कोण कोणाहून मोठे हे यजमानांकडून आदल्या दिवशी विचारून घ्यावे.

माझा एक प्रश्न मात्र आहे. माझ्या सासूबाईंनी तिसऱ्या वर्षी मला स्वतःहून सांगितले, "मला आता तू म्हण गं, माझ्या लेकी म्हणतात तसं." मी म्हणू लागले, पण चुलत सासूबाईंना ते आवडले नाही आणि त्यांनी तसे बोलूनही दाखवले. मी परत 'तुम्ही'वर यावे का?

दर्यावर्दी

ज्यांना म्हणायचे त्यांनीच सांगितले आहे, तेव्हा इतरांच्या म्हणण्याचा प्रश्न येत नाही. 'तू'च म्हणावे. आणि आधीच्या माझ्या उत्तरात नातसुनेचा विचार मी केला नव्हता, हे मान्य करतो. माझी स्वतःची बायको माझ्या आईला 'तुम्ही'च म्हणते, हे मला आज धागा वाचताना जाणवले.

आगरवाटेवर

माडाखालची सावली, येथे मी दर्यावर्दी यांच्याशी पूर्णपणे सहमत नाही. दोघींमध्ये असताना 'तू' जरूर म्हणावे, ते त्यांचे मागणे आहे आणि ते मोडू नये. परंतु चार माणसांत, विशेषतः चुलत सासूबाई समोर असताना, मी 'तुम्ही' म्हणेन, कारण सुनेने सासूला काय म्हटले यावरून घरातले लोक सासूच्या मानाचाही हिशोब करतात. सासूबाईंनाच एकदा विचारून पाहावे, त्या कदाचित वेगळे सांगतील.

इंदूरची लेक

आज संध्याकाळी फोनवर पहिल्यांदाच "अहो माई, तुम्ही कशा आहात?" असे विचारले. त्या क्षणभर गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, "बरी आहे. या वेळी माझ्या शेजारी जेवायला बसशील ना?" आम्ही चतुर्थीच्या दोन दिवस आधी पोहोचत आहोत.