टीसीपीचा अ‍ॅक क्रमांक शिकवताना ‘एक मिळवा’ हा नियम द्यावा का?

तन्वी
नव्या सहकाऱ्यांना टीसीपी समजावताना मी ‘समोरून आलेल्या सीक्वेन्स क्रमांकात एक मिळवला की आपला अ‍ॅक क्रमांक मिळतो’ असे सांगते. हँडशेकमध्ये हे तंतोतंत जुळते, पण डेटा सुरू झाला की कॅप्चरमध्ये अ‍ॅक एकदम शेकड्याने उडी मारतो आणि सलग दोन पॅकेटांवर एकच सीक्वेन्स क्रमांक दिसतो. तरीही सुरुवातीला सोपा नियम द्यावा आणि अपवाद नंतर सांगावेत, असे माझे मत आहे. आपल्याला काय वाटते?

शिरीष
मी या मताच्या पूर्णपणे विरोधात आहे. हँडशेक हाच अपवाद आहे आणि डेटाची देवाणघेवाण हा नियम आहे. अपवादापासून सुरुवात केली, तर शिकणाऱ्याच्या मनात हे क्रमांक पॅकेटे मोजतात अशी समजूत बसते आणि ती पुढे निघता निघत नाही. क्रमांक बाइटला असतो. सेगमेंटवर लिहिलेला सीक्वेन्स क्रमांक म्हणजे त्यातील पहिल्या बाइटचा क्रमांक, आणि अ‍ॅक क्रमांक म्हणजे आपल्याला यापुढे जो बाइट हवा आहे त्याचा क्रमांक. प्रत्यक्षात आरंभीचा क्रमांक यादृच्छिक असतो. इथे हिशोब डोळ्यांना दिसावा म्हणून मी क्लायंटसाठी १००० आणि सर्व्हरसाठी ५००० घेतो.

```
1  C > S  SYN      seq=1000           len=0
2  S > C  SYN,ACK  seq=5000 ack=1001  len=0
3  C > S  ACK      seq=1001 ack=5001  len=0
4  C > S  PSH,ACK  seq=1001 ack=5001  len=120
5  S > C  PSH,ACK  seq=5001 ack=1121  len=500
6  C > S  ACK      seq=1121 ack=5501  len=0
```

तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत १००१ हा क्रमांक दोनदा येतो, कारण तिसऱ्या ओळीत एकही बाइट गेलेला नाही. नुसती पावती क्रमांक खर्च करत नाही. चौथ्या ओळीत १००१ ते ११२० हे १२० बाइट गेले, म्हणून सर्व्हर पाचव्या ओळीत ११२१ मागतो आणि त्याच सेगमेंटमध्ये स्वतःचे ५०० बाइटही पाठवतो. दोन्ही दिशांच्या मोजण्या स्वतंत्र चालतात: क्लायंटचा सीक्वेन्स क्रमांक आणि सर्व्हरचा अ‍ॅक ही एक जोडी, आणि उलट दिशेची दुसरी जोडी. तन्वी, तुमच्या सहकाऱ्यांना एका रंगाने पहिली आणि दुसऱ्या रंगाने दुसरी जोडी रंगवायला सांगा. पाठांतराची गरज उरणार नाही.

मंदार
शिरीष, तुमचे उदाहरण मान्य आहे, पण त्यातून नियम नको असा निष्कर्ष निघत नाही. दुरुस्त नियम हवा एवढेच निघते. मी असे सांगतो: आलेल्या सेगमेंटचा सीक्वेन्स क्रमांक अधिक त्यातील डेटाची लांबी, आणि सिन किंवा फिन असेल तर आणखी एक. १००० अधिक शून्य अधिक एक म्हणजे १००१. १००१ अधिक १२० म्हणजे ११२१. ५००१ अधिक ५०० म्हणजे ५५०१. वरच्या प्रत्येक ओळीला हे लागू पडते. एका वाक्यात मावणारे सूत्र हाताशी असताना विद्यार्थ्याला ‘पुढचा अपेक्षित बाइट’ अशा अमूर्त कल्पनेशी झुंजायला का लावायचे?

रघुनाथ
थोडा वेगळा मुद्दा मांडतो, कारण या चर्चेचे मूळ मला क्रमांक पाहण्याच्या सवयीत दिसते. मोठ्या फाइली पाठवताना आमच्याकडे अधूनमधून वेग कोसळत असे. दोन्ही टोकांवर कॅप्चर घेतले. वायरशार्क क्रमांक शून्यापासून दाखवतो, त्यामुळे दोन्ही बाजू अगदी सारख्या दिसत होत्या आणि आम्ही बराच काळ भलतीकडे शोधत राहिलो. `Relative sequence numbers` हा पर्याय बंद केल्यावर कळले, की मधली फायरवॉल आरंभीचा क्रमांक बदलते आणि त्यानंतर प्रत्येक सेगमेंटमध्ये तेवढाच फरक घालते किंवा काढते. हेडरमधील दोन्ही क्रमांक ती बदलत होती, पण सॅक पर्यायात आत लिहिलेले क्रमांक मात्र तसेच सोडत होती. त्यामुळे एखादे पॅकेट हरवले, की क्लायंट ‘पुढचे अमुक बाइट माझ्याकडे आले आहेत’ असे सांगे आणि सर्व्हरला ते क्रमांक आपल्या कनेक्शनचे वाटतच नसत. म्हणून शिकवताना खरे, बत्तीस बिटी क्रमांकच दाखवावेत, असे माझे ठाम मत आहे.

वैशाली
रघुनाथजी, तुमचा अनुभव महत्त्वाचा आहे, पण तो तन्वीच्या प्रश्नाचे उत्तर नाही. शिवाय तुमच्याच प्रकरणात शून्यापासूनचे क्रमांक अधिक उपयोगी पडले असते असे मला वाटते. अ‍ॅक क्रमांक काही हजारांत आणि त्याच सेगमेंटमधील सॅकच्या सीमा कोट्यवधींत, ही विसंगती सर्व्हरच्या बाजूच्या कॅप्चरमध्ये पहिल्याच नजरेत दिसते. दहा अंकी खऱ्या क्रमांकांत ती सहज निसटते. मात्र दोन टोकांची कॅप्चरे शेजारी ठेवून ताडायची असतील तर खरे क्रमांकच हवेत, हे तुमचे म्हणणे मी मान्य करते.

आता मंदार यांच्या सूत्राबद्दल. ते एकही सेगमेंट हरवला नाही आणि सगळे क्रमाने आले, तरच खरे ठरते. शिरीष यांचीच देवाणघेवाण मी पुढे नेते. सर्व्हर हजार-हजार बाइटांचे तीन सेगमेंट पाठवतो आणि मधला, म्हणजे आठव्या ओळीतला, वाटेत हरवतो.

```
7   S > C  seq=5501 ack=1121 len=1000
8   S > C  seq=6501 ack=1121 len=1000
9   S > C  seq=7501 ack=1121 len=1000
10  C > S  seq=1121 ack=6501 len=0
11  C > S  seq=1121 ack=6501 len=0
12  S > C  seq=6501 ack=1121 len=1000
13  C > S  seq=1121 ack=8501 len=0
```

दहावी ओळ सातव्या सेगमेंटची पावती आहे आणि तिथे सूत्र जुळते. अकरावी ओळ नवव्या सेगमेंटमुळे निघाली. सूत्राने ७५०१ अधिक १००० म्हणजे ८५०१ यायला हवे होते, पण क्लायंट पुन्हा ६५०१ म्हणतो, कारण त्याला अजून तोच बाइट हवा आहे. बाराव्या ओळीत हरवलेला भाग पुन्हा येतो. सूत्राने आता ७५०१ यावे, पण क्लायंट थेट ८५०१ मागतो, कारण मधली पोकळी भरताच आधी येऊन थांबलेले हजार बाइटही त्या सलग पट्ट्यात जमा झाले. म्हणजे सूत्र लागोपाठ दोनदा चुकले, एकदा जास्त सांगून आणि एकदा कमी सांगून. ज्या अवस्थेसाठी आपण कॅप्चर उघडतो, नेमक्या त्याच अवस्थेत जे दगा देते ते सूत्र मी शिकवणार नाही.

मंदार
अकरावी ओळ मला पटली. तरी एक शंका उरते. ९ क्रमांकाचा सेगमेंट क्लायंटकडे सुखरूप पोहोचला आहे. त्याची पावती दिलीच नाही, तर सर्व्हर तोही पुन्हा पाठवेल. मग हा अ‍ॅक क्रमांक माहिती लपवतो असे म्हणावे लागेल.

शिरीष
अ‍ॅक क्रमांक फक्त सलग भागाबद्दल बोलतो, त्यापलीकडचे त्याला सांगताच येत नाही. ही त्याची मर्यादा आहेच. १९९६ साली आरएफसी २०१८ मध्ये सॅक आले ते यासाठीच. हँडशेकमध्ये दोघांनीही तयारी दाखवली असेल, तर अकराव्या ओळीत अ‍ॅक ६५०१ सोबत ‘७५०१ ते ८५०१ मिळाले’ अशी नोंद पर्यायात जाते, आणि तिथेही दुसरी सीमा म्हणजे मिळालेल्या शेवटच्या बाइटच्या पुढचा क्रमांक असतो. अ‍ॅक क्रमांक मात्र ६५०१ वरच थांबतो.

वैशालींच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. तीच पावती तीनदा पुन्हा आली तर टायमर संपण्याआधीच हरवलेला सेगमेंट परत पाठवायचा, असा जुना आणि सर्वत्र रुजलेला नियम आहे. इथे ६५०१ ची पुनरावृत्ती एकदाच झाली, कारण मागे एकच सेगमेंट उरला होता. म्हणून जुन्या पद्धतीच्या सर्व्हरला टायमरची वाट पाहावी लागते, आणि अकराव्या व बाराव्या ओळींमधले अंतर सेकंदाच्या पंचमांशाहूनही मोठे दिसू शकते. वायरशार्कमध्ये अकरावी ओळ `TCP Dup ACK` आणि बारावी `TCP Retransmission` अशी दाखवली जाते. विद्यार्थ्याने त्या लेबलांवर न विसंबता ६५०१ का हलत नाही हे स्वतः सांगितले, तर त्याला विषय कळला असे मी समजतो.

तन्वी
हरवलेल्या सेगमेंटचे उदाहरण मी वापरेन. पण एक मिळवण्याचा प्रकार मुळातून कसा समजवायचा? सिनमध्ये एकही बाइट नसतो, मग तो क्रमांक का खातो? ‘तसे ठरले आहे’ असे उत्तर देणे मला आवडत नाही.

वैशाली
सिनपेक्षा फिनवरून हे लवकर कळते. समजा, वरच्या देवाणघेवाणीनंतर सर्व्हर ८५०१ क्रमांकाने फिन पाठवतो. फिनने क्रमांक खाल्ला नसता, तर क्लायंटची पावती ८५०१ हीच राहिली असती, आणि ती तर तेराव्या ओळीत आधीच गेलेली आहे. फिन पोहोचला की वाटेत हरवला, हे सर्व्हरला कळण्याचा मार्गच उरला नसता. एक क्रमांक दिल्यामुळे ८५०२ ही पावती फक्त फिन पोहोचल्यावरच येऊ शकते. जे पोहोचल्याची खात्री हवी आणि जे हरवल्यास पुन्हा पाठवायचे, त्याला क्रमांकांच्या रांगेत जागा लागते. नुसत्या अ‍ॅकला ती देत नाहीत, कारण दिली असती तर प्रत्येक पावतीची पावती द्यावी लागली असती आणि संभाषण कधी थांबलेच नसते.

मंदार
मग माझे सूत्र मी दुसऱ्या जागी लावतो, सोडत मात्र नाही. क्रमांक अधिक लांबी अधिक सिन-फिनचा एक, हा पाठवणाऱ्याचा हिशोब आहे: पुढचा नवा बाइट कोणत्या क्रमांकाने निघेल हे त्यावरून ठरते. फिनसोबत दोनशे बाइटही गेले, तर ८५०१ वरून पुढचा आकडा ८७०२ होतो, आणि इथे तन्वींचा नियम व नुसती लांबी मिळवणे, दोन्ही अपुरे पडतात. घेणाऱ्याचा अ‍ॅक त्या आकड्यापर्यंत पोहोचेल किंवा मागे रेंगाळेल. त्या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे वाटेत असलेला किंवा हरवलेला डेटा. नवशिक्यासाठी सूत्रापासून सुरुवात करणे मला अजूनही योग्य वाटते.

रघुनाथ
आणि मी म्हणेन, की तो फरक खऱ्या क्रमांकांवर काढून पाहावा. ४२९४९६७२९५ नंतर मोजणी पुन्हा शून्यावर येते आणि नुसती वजाबाकी केली तर उत्तर ऋण येते. शून्यापासूनचे क्रमांक पाहणाऱ्याला हे चार जीबीहून मोठे कनेक्शन हाती येईपर्यंत दिसत नाही.

शिरीष
सुरुवात सूत्रापासून करण्याबाबत मी मंदार यांच्याशी सहमत नाही, पण सूत्र पाठवणाऱ्याच्या बाजूला ठेवणे बरोबर आहे. तन्वी, पुढच्या वेळी तेरा ओळींचा तक्ता देताना अ‍ॅकचा रकाना कोरा ठेवा आणि आठवी ओळ हरवल्याचे आधी सांगू नका. फक्त क्लायंटच्या बाजूचे कॅप्चर द्या, ज्यात ती ओळ मुळातच नसते.