मदत हवी आहे: २००० वॅटचा ब्लोअर एक्स्टेन्शनवर लावायचा आहे, वायर किती जाडीची घ्यावी?

पर्वती_पायथा
नमस्कार मंडळी. सिंहगड रोडला राहतो. सासूबाईंच्या खोलीत सध्या पहाटे चांगलंच गारठतं, म्हणून रूम हीटर (पंख्यावाला ब्लोअर) आणला. त्यावर १००० आणि २००० असे दोन टप्पे आहेत, पिन जाडी, १६ अँपिअरवाली. आणि त्यांच्या खोलीत सगळे पॉइंट ६ अँपिअरचे. एकमेव मोठा पॉइंट ड्राय बाल्कनीत आहे, वॉशिंग मशीनचा. तिथून खोलीत पलंगापर्यंत साधारण चार-साडेचार मीटर.

घरात एक एक्स्टेन्शन बोर्ड आहे, त्यावर आम्ही वर्षानुवर्षं १००० वॅटची इस्त्री चालवतोय, कधी काही झालं नाही. दुकानदाराने जाडी पिन बारीक सॉकेटात बसवायचा कन्व्हर्टर दिला आणि म्हणाला बिनधास्त लावा. शेजारचे म्हणतात २.५ ची वायर आणा, त्याखाली नको. तपकीर गल्लीत विचारलं तर "चाळीस शहात्तर घेऊन जा ताई, काही होत नाही." तीन माणसं, तीन उत्तरं. नेमकं काय बघून ठरवायचं?

गिझरग्रस्त
आमच्याकडेही गिझरची पिन जळाली होती. तुमचा गिझर किती लिटरचा आहे?

पर्वती_पायथा
गिझर नाही हो, रूम हीटर आहे.

अर्धी_मिसळ
एवढं टेन्शन घेऊ नका. बाल्कनीच्या पॉइंटला एमसीबी असणारच. वायरला झेपलं नाही तर एमसीबी पडेल, तेवढ्यासाठीच तर तो बसवलेला असतो. आणि वायर जितकी लांब तितकी जास्त तापते, त्यामुळे लांबी कमी ठेवा. पाच मीटरच्या आत काहीही चालतं. ४०/७६ म्हणजे १.५ चीच वायर, दुकानदार बरोबर सांगतोय.

लाल_टेस्टर
मिसळभाऊ, लांबी उगाच वाढवू नये हे बरोबर, बाकीचं थोडं सोडवून सांगतो. पस्तीस वर्षं हेच काम केलंय.

आधी एमसीबी. वॉशिंग मशीनच्या पॉइंटला बहुतेक १६ किंवा २० चा असतो. तो भिंतीतल्या वायरला सांभाळतो, तुमच्या बोर्डाच्या वायरला नाही. ताईंचा ब्लोअर २००० ला २३० ने भागून साधारण ८.७ अँपिअर घेणार. १६ चा एमसीबी तेवढ्याला पडणारच नाही. आत बारीक वायर लोण्यासारखी मऊ झाली तरी तो शांतच राहील, कारण त्याच्या लेखी सगळं ठीक चाललंय.

आता इस्त्री चालते म्हणून हीटर चालेल, हा सगळ्यात जास्त घरांत होणारा घोळ. इस्त्री ४.३ अँपिअर घेते, हीटर दुप्पट. पण वायरमधली उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते, कारण ती करंटच्या वर्गाने वाढते. ०.७५ ची तांब्याची वायर धरली तर इस्त्रीला दर मीटरमागे साधारण १ वॅट उष्णता वायरमध्येच सुटते, हीटरला ४ वॅट. त्यातून इस्त्रीचा थर्मोस्टॅट सारखा टिक टिक करून बंद-चालू होतो, त्यामुळे वायरला मधे मधे उसंत मिळते. ब्लोअर रात्री तासन्‌तास एका दमात चालतो. इस्त्रीच्या अनुभवावरून हीटरचं काही ठरवताच येत नाही.

लांबीचं म्हणाल तर एका मीटरमध्ये सुटणारी उष्णता वायर चार मीटर असो की आठ, तेवढीच. लांब वायरने शेवटी व्होल्टेज थोडं कमी पोचतं, पण घरातल्या अंतरांना ते दोन-तीन व्होल्टच्या आसपास, हीटरला कळणारही नाही. धोका वेगळ्या ठिकाणी आहे. उरलेली वायर गुंडाळी करून पलंगाखाली किंवा सतरंजीखाली सरकवली की दहा वेटोळ्यांची उष्णता एकाच जागी कोंडते. मोकळ्या वायरला जे झेपतं ते गुंडाळीला झेपत नाही.

वाड्यातली_ताई
आमचा सदाशिव पेठेतला जुना वाडा, सगळे पॉइंट बारीकच. माझी स्टीम इस्त्री आहे, तिच्यावर १६०० लिहिलंय आणि पिन मात्र बारीक आली. मग ती एक्स्टेन्शनवर चालेल का? सध्या बोर्डाची पिन काढल्यावर हाताला चांगली गरम लागते. वायर मात्र गार असते.

लाल_टेस्टर
ताई, १६०० म्हणजे जवळपास ७ अँपिअर, ६ च्या पॉइंटच्या वरच गेलात. तुम्ही लिहिलंय ते मात्र सगळ्यांनी लक्षात घेण्यासारखं आहे: वायर गार आणि पिन गरम. म्हणजे सॉकेटातली पितळी पट्टी सैल झाली आहे. सैल जागी ओहमचा दहावा भाग एवढा जरी अडथळा आला, तरी ७ अँपिअरला तिथे पाच वॅट सुटतात, आणि ते मीटरभर वायरमध्ये पसरलेले नसून पिनेच्या टोकाएवढ्या जागेत. पिन करपून तपकिरी-काळी पडली असेल, सॉकेटचं प्लास्टिक पिवळं पडलं असेल किंवा कुजक्या मासळीसारखा वास येत असेल तर ते सॉकेट बदलाच. तिथे वायर कितीही जाड लावली तरी उपयोग नाही.

तोच मुद्दा कन्व्हर्टरला लागू. जाड पिनेचा हीटर बारीक सॉकेटात घालण्यासाठी मध्ये आणखी एक सैल जोड आणायचा, आणि तो ६ अँपिअरचा. तो कन्व्हर्टर दुकानात परत करा.

अर्धी_मिसळ
एमसीबीचं पटलं. पण ४०/७६ बद्दल काय? सगळे १.५ च म्हणतात.

लाल_टेस्टर
ते जुनं इंचातलं माप आहे. ०.००७६ इंच जाडीच्या ४० तारा. गणित केलंत तर तांबं १.१७ चौरस मिमीच्या जवळपास भरतं. म्हणजे १ पेक्षा जास्त, १.५ पेक्षा कमी. आणि आता त्या नावाखाली कोण काय देईल सांगता येत नाही. वायरच्या अंगावर छापलेलं बघा: आयएस ६९४, ३ कोर, १.५ चौरस मिमी. छापील काही नसेल तर ती वायर घेऊच नका. कातरलेल्या टोकाची एक तार ब्लेडने खरवडून बघा, आत लालसर निघाली पाहिजे. पांढरी निघाली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, त्याच जाडीत ती बरीच जास्त तापते.

कर्वेनगरची_पीजी
पण काही तारा वरूनच चंदेरी असतात ना? माझ्या इंडक्शनच्या वायरच्या तशा होत्या.

लाल_टेस्टर
बरोबर, तांब्यावर कथिलाचा थर असतो कधी कधी. म्हणून नुसतं वरून बघून उपयोग नाही, खरवडल्यावर आतला रंग बघायचा.

पर्वती_पायथा
काल बोर्डाची पिन पूर्ण काढून, स्क्रू सोडून उघडली. आत जे निघालं ते लिहिते. एका वायरमध्ये मोजून १६ बारीक तारा. आणि दोनच वायरी आहेत, लाल आणि काळी. तिसरी हिरवी नाहीच. पिनेला वरचा जाडा गोल पाय आहे, पण त्याच्या स्क्रूला काही जोडलेलंच नाही. बोर्डाखाली मात्र ६ अँपिअर छापलंय.

लाल_टेस्टर
१६ तारा, ०.२ मिमीच्या धरल्या तर ही ०.५ ची वायर झाली. हिला ४ अँपिअरच्या आसपासच पेलवतं, म्हणजे तुमची इस्त्रीसुद्धा काठावर. हीटर लावलात तर मीटरमागे जवळपास ६ वॅट. बोर्डावरचं ६ हे सॉकेटचं असतं, वायरचं नव्हे, आणि असे बोर्ड सर्रास विकले जातात.

त्याहून वाईट म्हणजे अर्थिंग नाही. इस्त्रीचा तळ धातूचा आहे, ब्लोअरची जाळीही धातूची असेल. आत कुठे इन्सुलेशन गेलं तर करंट त्या धातूवर येऊन उभा राहील आणि जमिनीत जायची वाट त्याला तुमच्या हातातूनच मिळेल. इस्त्रीलाही हा बोर्ड वापरू नका.

नवीन बनवून घ्यायचं तर असं: ३ कोर १.५ ची वायर पाच मीटर, एका टोकाला १६ ची प्लग टॉप, दुसऱ्या टोकाला १६ चं एकच सॉकेट असलेला बॉक्स. जास्त सॉकेट नकोतच, नाहीतर कुणीतरी शेजारी इस्त्री लावतोच. १.५ ला मीटरमागे २ वॅटच सुटतील, मोकळ्या वायरला तेवढं सहज झेपतं.

शेजारचे_काका_बरोबर
मग २.५ घेतली तर आणखी चांगलं नाही का? मी तर डोळे झाकून २.५ च घेतो.

लाल_टेस्टर
विजेच्या दृष्टीने चांगलंच. पण तीन कोरची २.५ ची केबल जाड आणि आडदांड असते. काही प्लगांच्या पकडीत नीट बसत नाही, मग लोक पकडीचा स्क्रू सोडून देतात किंवा चार-पाच तारा कापून उरलेल्या स्क्रूखाली घालतात. तिथेच ती तापते. प्लगात नीट बसत असेल तर जरूर घ्या. एवढ्या अंतराला आणि एवढ्या हीटरला १.५ पुरते.

वायरमन_नाही_पण
माफ करा, पण हीटर एक्स्टेन्शनवर लावूच नये असं माझं मत आहे. बहुतेक हीटरच्या माहितीपत्रकात तसंच लिहिलेलं असतं. बाल्कनीच्या दारातून वायर आली की दार लागत नाही, लावलं तर वायर चेपते, आणि अंधारात म्हातारं माणूस त्यात अडखळतं. खोलीत १६ चा पॉइंट काढून घ्या.

लाल_टेस्टर
दाराचं आणि अडखळण्याचं मान्य, त्यावर जाड वायर हे उत्तर नाही. पॉइंटही कसा काढता ते बघा. पुष्कळ ठिकाणी इलेक्ट्रिशियन जुनं ६ चं सॉकेट काढून त्याच जागी १६ चं बसवतो आणि पैसे घेऊन जातो. आतून वायर तीच, बहुधा १ किंवा १.५ ची, तिच्यावरच दिवे-पंखेही. खरा पॉइंट म्हणजे डीबीपासून, म्हणजे घरातल्या एमसीबींच्या पेटीपासून, स्वतंत्र २.५ ची वायर आणि स्वतंत्र एमसीबी. मात्र नीट बनवलेलं एक्स्टेन्शन, जमिनीवर मोकळं, माणूस जागा असताना वापरलं तर मी हरकत घेणार नाही. इथे आपलं एकमत होणार नाही बहुतेक.

पर्वती_पायथा
तात्पुरतं असं केलंय: ब्लोअर वॉशिंग मशीनच्याच पॉइंटवर, वायर खोलीपर्यंत न आणता बाल्कनीलगतच्या हॉलमध्ये ठेवून १००० वर. सासूबाई हॉलमधल्या दिवाणावर झोपतायत, त्यांचं म्हणणं इथे टीव्ही जवळ आहे. फ्लॅट भाड्याचा आहे, त्यामुळे भिंत फोडायला मालकांना विचारावं लागेल. उघड्या पीव्हीसी पट्टीतून डीबीपासून खोलीपर्यंत २.५ ची लाइन आणली तर चालेल का, की भिंतीच्या आतूनच हवी?

लाल_टेस्टर
पट्टीतून चालते. फक्त त्या पट्टीत आधीच तीन-चार सर्किट कोंबलेली नसावीत. डीबीचा फोटो टाका, झाकण न उघडता. मोकळी जागा आहे का ते दिसलं की पुढचं सांगता येईल.

गिझरग्रस्त
आमचा गिझर २००० चाच आहे हे आत्ता बघितलं. पिन का जळाली ते कळलं. एक्स्टेन्शन नव्हतं, पण कन्व्हर्टर होता.