एलडीएल उतरवायला ऑलिव्ह तेल, कमी मीठ की इसबगोल-बदाम?

मृण्मयी: वय 46, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल 160. डॉक्टर म्हणाले, तीन महिने आहार सांभाळा, मग गोळीचं बघू. ऑलिव्ह तेलाचा भूमध्यसागरी आहार, कमी मिठाचा डॅश, की तंतू, सुकामेवा आणि वनस्पतींमधलं स्टेरॉल असलेला पोर्टफोलिओ? एकच नेटाने करणार आहे.

अविनाशकाका: ऑलिव्ह तेल, दुसरा विचार नको. स्पेनच्या प्रेडिमेड अभ्यासात हृदयविकार आणि पक्षाघात मिळून जवळपास 30 टक्के कमी झाले.

वैशाली (आहारतज्ज्ञ): काका, ते खरं आहे, पण तिथे एलडीएल फारसं हललं नव्हतं. फायदा दुसऱ्या वाटांनी झाला असावा. मृण्मयीला आकडा उतरवायचा आहे, म्हणून मी पोर्टफोलिओ सांगेन. टोरांटोच्या जेन्किन्स यांनी 2003 मध्ये सगळं जेवण तयार करून दिलं, तेव्हा चार आठवड्यांत एलडीएल 28 टक्क्यांच्या वर उतरलं. 2011 मध्ये लोकांना नुसतं समजावून घरी पाठवलं, तेव्हा सहा महिन्यांनी उतार 13-14 टक्के. म्हणजे 160 चे साधारण 138. तेवढीच आशा धरा.

सुनंदा: मी वर्षभर लोणचं, पापड बंद केलं. बीपी छान उतरलं, एलडीएल जिथल्या तिथे!

वैशाली: सुनंदाताई, मिठाने एलडीएल हलत नाही. डॅशमध्ये ते थोडं उतरतं, पण साय-लोणी-मटण कमी होतं म्हणून. बीपीसाठी तुम्ही केलंत ते योग्यच.

रोहन, पुणे: मी पोर्टफोलिओ केला, 152 वरून 149. रोज मूठभर बदाम आणि चमचाभर इसबगोल खाल्लं.

वैशाली: संध्याकाळचं फरसाण थांबवलं होतं का? बदाम वरून घातले तर पोटात फक्त भर पडते, ते कशाच्या तरी जागी यायला हवेत. आणि चमचाभर भुशी म्हणजे जेमतेम चार ग्रॅम. ती पित्तरस धरून शौचावाटे बाहेर काढते, मग नवा पित्तरस करायला यकृत रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. त्यासाठी दिवसाला दहाएक ग्रॅम हवी, दोनदा विभागून, प्रत्येक वेळी मोठा पेलाभर पाण्यात. जोडीला भेंडी, वांगी, ओट्स, सोयाबीन. थायरॉइडची किंवा दुसरी गोळी असेल तर इसबगोल तिच्यानंतर काही तासांनी.

रोहन: फरसाण चालूच होतं. आणि स्टेरॉलचं काय?

वैशाली: तीच अडचण आहे. दोन ग्रॅम लागतात, साध्या जेवणातून त्याचा छोटासा भागच मिळतो. जेन्किन्सनी स्टेरॉल घातलेलं मार्जरीन दिलं होतं, ते आपल्या किराणा दुकानात मिळत नाही. ते वगळलं तर उतार कमी पडणार.

अविनाशकाका: मग अर्धवट पोर्टफोलिओपेक्षा माझं ऑलिव्ह तेल का वाईट? शेवटी हार्ट अ‍ॅटॅकच टाळायचा ना?

वैशाली: तुपाच्या जागी आलं तर मुळीच वाईट नाही. पण तीन महिन्यांनी डॉक्टर एलडीएलच बघणार आहेत.

मृण्मयी: वडिलांना 44 व्या वर्षी अ‍ॅटॅक आला होता, हे लिहायचं राहिलं.

वैशाली: हे डॉक्टरांना सांगितलंय का? नसेल तर तीन महिने थांबू नका, याच आठवड्यात सांगा.