प्रतिसाद: घरात पाळीपाळीने गळवं

«एकाचं केसतोड बसतं न बसतं तोच दुसऱ्याला उठतं. सगळ्यांचं रक्तच बिघडलंय का?»

रक्त नाही हो, टॉवेल बघा. सोलापूरचे टॉवेल जगभर जातात, आणि आमच्या न्हाणीच्या खुंटीवर मात्र चौघांत एकच! धाकट्याच्या मांडीला गळू आलं, वहिनीने ते पिळलं, पंधरा दिवसांत तिच्या काखेत उठलं. पिळल्यावर थोडा पू बाहेर येतो, पण उरलेला आत खोल दाबला जातो, आणि बोटांना-कपड्यांना लागतो तो वेगळाच.

दोनदा गोळ्या खाऊनही परत आलं, तेव्हा डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला आणि कोणता जंतू आहे ते बघायला कल्चरला पाठवला. निघाला एमआरएसए, म्हणजे पेनिसिलिनच्या जातीतल्या बहुतेक औषधांना न जुमानणारा स्टॅफिलोकोकस जंतू. हा नाकपुडीत गुपचूप राहतो, त्यामुळे अंगावर एकही गळू नसलेला माणूसही तो घरभर वाटत असतो. म्हणून डॉक्टरांनी चौघांनाही एकाच वेळी पाच दिवस नाकात म्युपिरोसिन मलम दिवसातून दोनदा लावायला आणि क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने अंघोळ करायला सांगितलं. टॉवेल, अभ्रे रोज गरम पाण्यात धुऊन आपल्या उन्हात कडकडीत वाळवले. वस्तरा ज्याचा त्याला. धाकट्याला नंतर एकदा आलं, मग थांबलं.

तुम्ही पू तपासायला द्याच, साखरही बघून घ्या. तोवर गरम फडक्याने शेका, फडकं प्रत्येक वेळी धुवायला टाका. नाकावर किंवा वरच्या ओठावर गळू असेल किंवा ताप भरला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.