जुलाब लागलेल्या मुलाला गोड पेये: रसाच्या 3 खोक्यांवरून सुरू झालेली चर्चा

रानपाखरू (धागाकर्ती)
माझ्या दीड वर्षाच्या, 10 किलो वजनाच्या मुलाला गेल्या आठवड्यात उलट्या आणि पातळ जुलाब सुरू झाले. ओआरएस तो थुंकून टाकत होता आणि डबाबंद सफरचंदाचा रस मात्र घटाघटा पीत होता, म्हणून सकाळपासून दुपारपर्यंत मी त्याला 200 मिलिलिटरची 3 खोकी पाजली. संध्याकाळपर्यंत शी पाण्यासारखी झाली, तिला आंबट वास येऊ लागला, पोट फुगले आणि बूड लालभडक झाले. नवऱ्याचे म्हणणे असे, की दुसऱ्या दिवशी आजार वाढणारच होता. रसानेच जुलाब वाढले असे मानावे का? आणि खेळाडूंची पेये किंवा शीतपेये त्यापेक्षा बरी असतात का?

मैदानी
मी शाळकरी मुलांना धावण्याचे प्रशिक्षण देतो. रसात क्षार नसतात हे मला मान्य आहे, पण खेळाडूंच्या पेयात साखर आणि सोडियम दोन्ही असतात आणि ओआरएसमध्येही तेच असते. मूल आवडीने पीत असेल तर तेच द्यावे, कारण न प्यायलेल्या ओआरएसपेक्षा प्यायलेले पेय केव्हाही चांगले, असे माझे स्पष्ट मत आहे.

बालविभाग परिचारिका
मैदानी, घटक तेच असतात हे तुमचे म्हणणे बरोबर आहे, पण सगळा फरक प्रमाणाचा आहे. पेयाच्या बाटलीवर दर 100 मिलिलिटरमागे दिलेले दोन आकडे वाचा. प्रमाणित ओआरएसमध्ये ग्लुकोज सुमारे 1.35 ग्रॅम आणि सोडियम सुमारे 170 मिलिग्रॅम असते, तर खेळाडूंच्या नेहमीच्या पेयात साखर 6 ग्रॅमच्या आसपास आणि सोडियम जेमतेम 45 मिलिग्रॅम असते. म्हणजे साखर चौपटीहून जास्त आणि सोडियम जवळजवळ चौथाई. हे पेय घाम गाळणाऱ्या, पण आतडे धडधाकट असलेल्या माणसाच्या स्नायूंना इंधन मिळावे म्हणून तयार केलेले असते. जुलाब झालेल्या मुलाचे आतडे त्या साखरेचा बोजा पेलण्याच्या स्थितीत नसते.

आता रसाविषयी. आतड्याच्या पेशींवर अशी एक वाट असते, की तिच्यातून ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत शिरतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी शोषले जाते. जुलाब चालू असतानाही ही वाट बऱ्याच अंशी शाबूत राहते आणि ओआरएसचे सगळे काम तिच्यावरच चालते. सफरचंदाच्या रसात मात्र ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज जास्त असते, ते या वाटेने जात नाही आणि त्याच्या शोषणाला मर्यादा असते. शिवाय त्यात सॉर्बिटॉल असते, जे निरोगी आतड्यातही नीट शोषले जात नाही. शिल्लक राहिलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते, कारण रसात विरघळलेल्या कणांची दाटी रक्ताच्या दुपटीहून जास्त असते. पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू ती साखर आंबवतात आणि त्यातून वायू आणि आम्ल तयार होते. पोट फुगणे, शीला आंबट वास येणे आणि कातडी लाल होणे या तुमच्या तिन्ही खुणा त्या आंबण्याच्या आहेत.

तुमच्या 600 मिलिलिटर रसातून त्याच्या पोटात 60 ग्रॅमच्या आसपास साखर गेली आणि सोडियम जवळजवळ गेलेच नाही. तेवढ्याच ओआरएसमधून सुमारे 8 ग्रॅम ग्लुकोज गेले असते.

एका गोष्टीने मात्र भलेभले पालक फसतात, म्हणून ती मुद्दाम लिहिते. तुमचे मूल रस घटाघटा पीत होते ते केवळ चवीमुळे नव्हे, तर तहानेमुळेही असू शकते. गोड पेय शरीरातलेच पाणी आतड्यात खेचते, त्यामुळे तहान वाढते, मूल आणखी पिते आणि पिते आहे हे पाहून घरच्यांना धीर येतो. अशा वेळी मूल किती प्यायले यावर विसंबू नये. लघवी किती वेळा झाली, डोळे खोल गेले का, रडताना अश्रू येतात का आणि पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच पूर्ववत होते का, हे पाहावे.

जुनी वही
आमच्या नातवाला डॉक्टरांनी स्वतःच नाशपातीचा रस द्यायला सांगितले होते आणि त्याने त्याला चांगला गुणही आला. मग फळांचा रस मुलांना वाईट, असे सरसकट कसे म्हणता? मला हे पटत नाही.

रानपाखरू
आजी, नातवाला तेव्हा नेमका कसला त्रास होता?

जुनी वही
त्याला चार-चार दिवस शी होत नसे. रस सुरू केला आणि पोट साफ होऊ लागले.

बालविभाग परिचारिका
आजी, तुम्ही अगदी मोलाचा दाखला दिलात. नाशपातीच्या रसात सॉर्बिटॉल बरेच असते आणि ते आतड्यात पाणी धरून ठेवते, म्हणूनच बद्धकोष्ठात तो उपयोगी पडतो. नातवाला ज्या गुणामुळे शी सुटली, तोच गुण जुलाबात नडतो.

पडताळा
धाग्यात सगळे एकाच बाजूने बोलत आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. कॅनडातील टोरांटो येथे 647 मुलांवर झालेला आणि 2016 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात एका गटाला निम्मे पाणी घातलेला सफरचंदाचा रस आणि नंतर मुलाच्या आवडीचे पेय दिले, तर दुसऱ्या गटाला सफरचंदाच्या चवीचे क्षारद्रावण दिले. उपचार अयशस्वी ठरण्याचे प्रमाण रसाच्या गटात 16.7 टक्के होते आणि क्षारद्रावणाच्या गटात 25 टक्के. हे आकडे समोर असताना रस म्हणजे विषच, असा सूर लावणे मला योग्य वाटत नाही.

बालविभाग परिचारिका
तो अभ्यास मी वाचला आहे आणि त्याला मी मानते. पण त्यातली मुले कोण होती, हे सांगितल्याशिवाय ते आकडे इथे ठेवणे धोक्याचे आहे. ती 6 महिने ते 5 वर्षे वयाची, सौम्य आजाराची आणि शरीरातील पाणी जवळजवळ न घटलेली मुले होती. रस निम्मा पातळ केलेला होता आणि फायदा मुख्यतः 2 वर्षांवरील मुलांत दिसला. धागाकर्तीचे मूल दीड वर्षाचे आहे, आणि रस खोक्यातून जसाच्या तसा दिला गेला होता.

दाट द्रावणाचा परिणाम पाहायचा असेल तर ओआरएसचाच इतिहास पाहा. पूर्वी 1 लिटर ओआरएसमध्ये 20 ग्रॅम ग्लुकोज असे. ते 2002 साली 13.5 ग्रॅमवर आणले गेले आणि सोडियमही थोडे कमी केले गेले, कारण चाचण्यांमध्ये पातळ द्रावणाने शीचे प्रमाण सुमारे एक पंचमांशाने घटले होते आणि उलट्याही कमी झाल्या होत्या. एका लिटरमागे साडेसहा ग्रॅम ग्लुकोज आणि थोडे मीठ कमी केल्याने एवढा फरक पडत असेल, तर 100 ग्रॅमहून जास्त साखर असलेल्या कोलाविषयी वेगळे काय सांगावे? त्यातला वायू घालवून दिले तरी साखर तेवढीच राहते आणि सोडियम नाममात्रच असते.

मैदानी
आकडे पाहून माझे मत थोडे बदलले आहे. पण मग खेळाडूंच्या पेयात निम्मे पाणी घालून वर चिमूटभर मीठ टाकले तर जमणार नाही का?

बालविभाग परिचारिका
दिशा बरोबर आहे, पण हिशोब जुळत नाही. निम्मे पाणी घातल्यावरही साखर 100 मिलिलिटरमागे 3 ग्रॅम राहते आणि सोडियम 23 मिलिग्रॅमवर येते. ते ओआरएसइतके करायला 1 लिटरमध्ये आणखी पावणेचार ग्रॅमच्या आसपास मीठ घालावे लागेल. तेवढे मीठ चिमटीने मोजता येत नाही. एकाची चिमूट दुसऱ्याच्या दुप्पट भरते आणि लहान मुलाच्या रक्तात मीठ जास्त झाले तर त्याला झटके येऊ शकतात. तयार पूड वजन करून भरलेली असते, म्हणून तीच वापरावी. पाकिटावर जेवढे पाणी लिहिले असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात अख्खे पाकीट एकदम विरघळवावे, त्यात साखर किंवा रस मिसळू नये आणि 24 तासांनंतर उरलेले टाकून द्यावे.

रानपाखरू
पण तो थुंकतो, त्याचे काय करायचे? त्या दिवशी माझे सगळे तिथेच अडले होते.

बालविभाग परिचारिका
त्याच्या हातात पेला देऊ नका. 5 मिलिलिटरचा चमचा किंवा सुई नसलेली सिरिंज घ्या, गालाच्या आतल्या बाजूला थोडे सोडा, एक-दोन मिनिटे थांबा आणि पुन्हा द्या. उलटी झाली तर 10 मिनिटे थांबून आणखी सावकाश सुरू करा. थंड केलेले द्रावण बरीच मुले सहज घेतात. मूल ठीक दिसत असेल, तर त्याच्या वयाला प्रत्येक पातळ शीनंतर 50 ते 100 मिलिलिटर पुरते. डोळे थोडे खोल गेले असतील आणि मूल चिडचिडे व तहानलेले असेल, तर किलोमागे 75 मिलिलिटर, म्हणजे तुमच्या मुलाला 750 मिलिलिटर, 4 तासांत द्यावे लागते. त्याचे सुमारे 150 चमचे होतात आणि ते दवाखान्यात कोणाच्या तरी देखरेखीखाली द्यावेत. आमच्या विभागात आया हे चमचे मोजताना कागदावर रेघा ओढतात, त्यामुळे किती गेले याचा अंदाज चुकत नाही.

अंगावरचे दूध चालू असेल तर ते बंद करू नका आणि रोजचे जेवणही चालू ठेवा. झिंक डॉक्टरांना विचारून द्या; 6 महिन्यांवरील मुलांना ते सहसा रोज 20 मिलिग्रॅम असे 10 ते 14 दिवस देतात. मूल सुस्त पडले, त्याला पिताच येईना, प्यायलेले सगळे उलटून पडू लागले, शीत रक्त दिसले किंवा सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, तर घरी प्रयोग न करता ताबडतोब रुग्णालय गाठावे.

रानपाखरू
दवाखान्यात आम्ही अगदी असेच केले होते. रस बंद केला आणि चमच्याने ओआरएस दिले, तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शी घट्ट होऊ लागली. नवरा मात्र अजूनही म्हणतो की आजार आपोआप उतरणीला लागला होता.

बालविभाग परिचारिका
एका मुलाच्या बाबतीत ते खोडून काढता येणार नाही, कारण विषाणूचे जुलाबही काही दिवसांनी ओसरतात. न शोषलेल्या साखरेचे जुलाब साखर बंद करताच उतरतात आणि केवळ जंतूंमुळे होणारे त्यानंतरही चालू राहतात, एवढीच एक खूण हाती असते. तुमच्याकडे दोन्ही एकत्र घडले असावे, असे माझे मत आहे.

पडताळा
माझ्या एका प्रश्नाचे उत्तर अजून मिळालेले नाही. समजा मूल 3 वर्षांचे आहे, खेळते आहे, लघवी नीट होते आहे आणि सगळे प्रयत्न करूनही ओआरएसला ते तोंड लावत नाही. तेव्हाही निम्मा पातळ केलेला रस नाकारायचा का?

बालविभाग परिचारिका
त्या मुलाला मी तो नाकारणार नाही. पण प्रत्येक वेळी निम्मे पाणी घालून थोडाथोडाच द्यावा, मध्ये जेवण चालू ठेवावे आणि शी वाढली किंवा लघवी कमी झाली की रस त्याच क्षणी थांबवावा, असे मी त्याच्या आईला सांगेन. माझ्या विभागातल्या काही डॉक्टरांना एवढी सूटही मान्य नाही.