पोंगलचं मडकं: हळद कुठे, ऊस कुठे

> "हळदीचं रोप मडक्याला नेमकं कुठे बांधायचं? आमचं रोप दूध उतू जायच्या आतच करपलं."

पोटाला बांधलं असणार. चुलीची ज्वाळा मडक्याच्या फुगीर भागापर्यंत चाटत येते. रोप काठाच्या खाली, गळ्याच्या खाचेत बसायला हवं. मदुरैला आमच्या शेजारच्या पाटी (आजी) पानं आणि ओली हळकुंडं दोन्ही असलेली अख्खी जुडी घेतात. तिला तिथे मंजळ कोत्तु म्हणतात. माती धुवायची, लांब पानं पिळून गळ्याभोवती फिरवायची आणि तीच गाठीत खोचायची. हळकुंडं समोर लोंबू द्यायची. सुतळी वापरू नका, ती आधी पेट घेते. आणि हे सगळं मडकं चुलीवर चढवण्याआधी, नंतर हात लावायची सोय नसते.

कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी, त्याहूनही आधी. अंगण सारवून, किंचित ओलसर असतानाच काढलं की पीठ धरून राहतं, वाऱ्याने उडत नाही. भिजवलेल्या तांदळाच्या वाटणाचं काढलं तर ओलं असताना फिकट दिसतं, म्हणून नवखी माणसं पुन्हा गिरवतात आणि रेघ जाड होते. सुकू द्या, पांढरंशुभ्र उठतं. मधोमध चुलीपुरती जागा मोकळी सोडा.

ऊस शेंड्याच्या पानांसकट उभे करून वर एकत्र बांधतात. पण बुंधे चुलीपासून हातभर तरी लांब ठेवा आणि खालचा वाळलेला पाचोळा आधी सोलून काढा. आमच्याकडे एकदा तोच भुर्रकन पेटला होता, दूध उतू जाताना "पोंगलो पोंगल" ओरडायच्या ऐन वेळी!