उद्या नेटवर्किंगचा पेपर : थ्रूपुटच्या गणितात मार्क कुठे जातात? (अनुभव धागा)

तपासनीस

मंडळी, उद्या पेपर आहे, त्यामुळे आज नवीन काही वाचू नका. एकच गणित घेऊ आणि उत्तरपत्रिकेत पोरं नेमकी कुठे घसरतात ते बघू. शिकवणाऱ्यांनी, तपासणाऱ्यांनी, सोडवणाऱ्यांनी आपापली भर घालावी.

लिंक १ एमबीपीएसची. फ्रेम १००० बाइटची. एका बाजूचा प्रोपगेशन डिले २० मिलिसेकंद. प्रोटोकॉल स्टॉप अँड वेट. अ‍ॅक इतका छोटा की तो पाठवायला लागणारा वेळ शून्य धरायचा. थ्रूपुट किती?

आधी फ्रेमचे बिट करा : ८०००. ते तारेवर ढकलायला ८ मिलिसेकंद लागतात. शेवटचा बिट पलीकडे पोचायला २०, अ‍ॅक परत यायला २०. म्हणजे ४८ मिलिसेकंदांत एक फ्रेम. ८००० भागिले ०.०४८, उत्तर सुमारे १६६.७ केबीपीएस. लिंकच्या क्षमतेचा जेमतेम सहावा हिस्सा.

```
throughput = L / (L/B + 2*Tp)
```

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे परतीचे २० विसरणं. मग खाली २८ येतात आणि उत्तर २८५.७. दुसरी चूक जास्त लबाड आहे. वेळ काढताना आठने गुणायचं राहतं, म्हणून ८ऐवजी १ मिलिसेकंद येतो. पण वर अंशात मात्र बरोबर ८००० बिट लिहिलेले असतात. उत्तर येतं १९५.१. हे खऱ्या उत्तराच्या इतकं जवळ आहे की लिहिणाऱ्याला शंकाही येत नाही. दोन्हीकडे बाइट ठेवले असते तर उत्तर २४.४ आलं असतं आणि निदान डोळ्याला खुपलं असतं. म्हणून पहिल्याच ओळीत L = ८००० बिट असं लिहून टाका आणि पुढे १००० हा आकडा परत वापरूच नका.

शेवटचा_बाक

एवढा खटाटोप कशाला? थ्रूपुट म्हणजे वाटेतल्या सगळ्यात हळू लिंकचा वेग. इथे लिंक एकच, मग उत्तर १ एमबीपीएस. आमच्या नोट्समध्ये तर असंच आहे.

तपासनीस

नोट्स चुकीच्या नाहीत, पण तो नियम कधी लागतो ते बघ. पाठवणारा सतत पाठवत असेल, लिंक कधी रिकामी राहत नसेल, तेव्हाच सगळ्यात हळू लिंक उत्तर ठरवते. स्टॉप अँड वेटमध्ये पाठवणारा ४८पैकी ४० मिलिसेकंद हात बांधून बसलेला आहे. प्रश्नात प्रोटोकॉलचं नाव उगाच दिलेलं नसतं.

आणि हळू लिंकचाच प्रश्न आला, १०, २ आणि ५ एमबीपीएसच्या तीन लिंक दिल्या, तर सरासरी काढू नकोस. २ लिही. सरासरी काढणारे दरवर्षी भेटतात.

केबलवाली

माझी भर अंतराबद्दल. पेपरात बऱ्याचदा डिले देत नाहीत, ४००० किलोमीटर देतात आणि सिग्नलचा वेग २ × १०⁸ मीटर प्रति सेकंद. त्यातून २० मिलिसेकंद निघतात. काही जण प्रकाशाचा वेग पाठ आहे म्हणून सवयीने ३ × १०⁸ घालतात, तो निर्वातातला. तांब्यात किंवा फायबरमध्ये सिग्नल साधारण दोन तृतीयांश वेगाने जातो. वेग दिला असेल तर दिलेलाच वापरा, डोक्यातला नको.

आणखी एक गैरसमज मी सतत ऐकते : बँडविड्थ वाढवली की डिले कमी होतो. याच गणितात लिंक १० एमबीपीएसची करून बघा. ८चे ०.८ मिलिसेकंद होतात, पण ४० तसेच राहतात. एकूण ४०.८, थ्रूपुट १९६.१ केबीपीएस. लिंक दहापट, थ्रूपुटमध्ये वाढ जेमतेम १८ टक्के, आणि लिंकचा वापर दोन टक्क्यांच्याही खाली. उपप्रश्नात "लिंक दहापट केली तर?" असं विचारलं की निम्मी पोरं उत्तराला दहाने गुणून मोकळी होतात.

वायफाय_वैतागलेला

हे सगळं ठीक, पण माझ्याकडे १०० एमबीपीएसची लॅन आहे आणि फाइल कॉपी करताना ११च दिसतात. कंपनी फसवते की काय?

केबलवाली

दादा, धागा परीक्षेच्या गणिताचा आहे, पण तुमचं गणितही त्याच चुकीचं भावंड आहे. १०० मेगाबिट म्हणजे १२.५ मेगाबाइट. इथरनेटची पूर्ण फ्रेम तारेवर १५३८ बाइटची जागा खाते, त्यात तुमच्या फाइलचे जास्तीत जास्त १४६० बाइट. उरले सुमारे ११.९. तुमचा संगणक मेगाबाइट १०२४ × १०२४ बाइटचा धरत असेल, तर तेच ११.३ दिसतात. कुणी फसवलेलं नाही.

विंडोसीट

स्लाइडिंग विंडोकडे कुणी गेलंच नाही. वरच्याच गणितात विंडो ५ धरा : ४८ मिलिसेकंदांत ५ फ्रेम, ८३३.३ केबीपीएस. ६ धरली की बरोब्बर १ एमबीपीएस. ८ धरली की सूत्र १.३३ एमबीपीएस देतं आणि पोरं ते लिहूनही येतात! १ एमबीपीएसच्या लिंकमधून १.३३ कसे जातील? उत्तर लिंकच्या वर गेलं की लिंकवर थांबवायचं.

यातच सीक्वेन्स नंबरचा सापळा असतो. ३ बिट दिले की लोक विंडो ८ धरतात. गो बॅक एनमध्ये ती ७च असते, म्हणजे इथे लिंक भरते. सिलेक्टिव्ह रिपीटमध्ये ४, म्हणजे ६६६.७ केबीपीएस. प्रोटोकॉल कुठला ते आधी अधोरेखित करा.

शेवटचा_बाक

आणि फ्रेम हरवल्या तर? १० टक्के हरवतात म्हटल्यावर १६६.७ला ०.९ने गुणायचं, १५०. बरोबर ना सर?

तपासनीस

टाइमआउट ४८ मिलिसेकंदांचाच असेल तरच. टाइमआउट ९६चा दिला, तर हरवलेला प्रत्येक प्रयत्न ९६ खातो. एका यशस्वी फ्रेममागे सरासरी एक नवमांश प्रयत्न वाया जातात, म्हणजे १०.६७ मिलिसेकंद. एकूण ५८.६७ आणि उत्तर १३६.४ केबीपीएस. टाइमआउट दिलेलाच नसेल तर "फेरीच्या वेळेइतका धरला" हे एका ओळीत लिहा आणि १५० द्या.

विंडोसीट

एक वाद राहिलाच. फ्रेम "१ केबी" दिली तर १००० की १०२४? मी १०२४ धरतो. मग ८१९२ बिट आणि सुमारे १७० केबीपीएस.

केबलवाली

मी १००० धरते, कारण लिंकचा किलो हजाराचाच असतो.

तपासनीस

लिंकच्या बाबतीत तुमचं बरोबर, एमबीपीएस म्हणजे दहा लाखच. तिथे १०२४ घालणं ही चूकच. फ्रेमच्या आकाराबाबत मात्र पेपर काढणाऱ्यांचंच एकमत नाही. मी धरलेली किंमत लिहिलेली असेल तर दोन्हीला मार्क देतो, आमच्याकडचे एक सहकारी देत नाहीत.